प्रकरणाचा उलटा आराखडा : प्रबंधलेखनातील एक उपयुक्त पद्धती



प्रबंध लिहावयास घेण्यापूर्वी आराखडा करावा हे आपणांस सर्वजण सांगतात. कोणत्या प्रकरणात काय येणार, कोणता मुद्दा आधी व कोणता मागाहून, याची टाचणे आपण करतो आणि मग लिहावयास बसतो. परंतु लिहिताना आराखडा मागे पडतो. नवे संदर्भ सापडतात, एखादे सुत्त वाचनात येते, मार्गदर्शकांनी सुचविलेला मजकूर मध्ये घालावा लागतो. तीन-चार महिन्यांनी जो खर्डा हाती येतो तो मूळ आराखड्याप्रमाणे राहिलेला नसतो आणि आता तो नेमका कसा आहे, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. अशा वेळी खर्ड्यावरून पुन्हा आराखडा काढावयाचा असतो. यालाच आम्ही उलटा आराखडा म्हणतो. पहिला आराखडा आपण काय लिहिणार होतो ते सांगतो, तर उलटा आराखडा आपण प्रत्यक्षात काय लिहिले आहे ते दाखवितो.

प्रस्तुत लेखात धर्माच्या अभ्यासावरील एक प्रकरण उदाहरणादाखल घेऊन ही पद्धती आम्ही पायरीपायरीने मांडणार आहोत. हे प्रकरण समजावून सांगण्याच्या सोयीसाठी आम्ही रचलेले आहे. त्यात आलेले ग्रंथ, सुत्ते व त्यांतील मजकूर मात्र खरा आहे.

प्रकरणाचा विषय

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ मूळ इंग्रजीत १९५७ साली, म्हणजे त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. ग्रंथाच्या आरंभी त्यांनी चार प्रश्न उपस्थित केले आहेत. त्यांपैकी पहिला प्रश्न असा की, सिद्धार्थाने परिव्रज्या का घेतली? वृद्ध, रोगी, मृत आणि संन्यासी ही चार दृश्ये पाहून त्याने गृहत्याग केला, हे परंपरेचे उत्तर. बाबासाहेबांनी ते नाकारले आणि त्या जागी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात झालेला वाद मांडला. आपल्या विद्यार्थ्याच्या प्रबंधाचे तिसरे प्रकरण याच विषयावर आहे असे समजू या. प्रकरणात चौदा परिच्छेद आहेत. मार्गदर्शकांनी खर्डा वाचून एवढेच म्हटले की, ‘माहिती चांगली आहे, पण प्रकरण पुढे सरकत नाही.’ असा शेरा पुष्कळांना मिळतो. नेमके कोठे अडले आहे ते शोधण्याकरिता उलटा आराखडा करावयाचा.

पहिली पायरी : परिच्छेदांना क्रमांक व प्रत्येकाची एक ओळ

खर्ड्याची छापील प्रत घ्यावी आणि पेन्सिलीने प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक द्यावा. नंतर एका फुलस्केप कागदावर प्रत्येक क्रमांकापुढे एकच वाक्य लिहावे. हा परिच्छेद काय म्हणतो, ते त्या वाक्यात आले पाहिजे.

येथे एक पथ्य कटाक्षाने पाळावे. ओळीत क्रियापद असले पाहिजे. ‘शाक्य गणराज्याविषयी’ असे लिहिले तर ते नुसते नाव झाले. त्यावरून परिच्छेदाचे म्हणणे कळत नाही. ‘शाक्यांचा कारभार संघाच्या सभेत बहुमताने चाले’ असे लिहिले म्हणजे ते विधान होते आणि विधानालाच पुढेमागे जोडता येते. ज्या परिच्छेदाचे एका वाक्यात विधान करता येत नाही, तेथे बहुधा दोन गोष्टींपैकी एक झालेली असते. एक तर त्यात दोन विधाने कोंबली गेलेली असतात, किंवा विधान मुळीच नसून नुसती माहिती असते. पहिल्या प्रकारात क्रमांकाचे ७क व ७ख असे भाग करावेत. दुसऱ्या प्रकारात ओळ रिकामी सोडून प्रश्नचिन्ह घालावे. आपल्याकडून काही भरून टाकू नये.

दुसरे पथ्य असे की, आपल्याला काय म्हणावयाचे होते ते लिहू नये. कागदावर काय उतरले आहे तेच लिहावे. हे ऐकावयास सोपे वाटते, पण करावयास अवघड आहे, कारण स्वतःचे लेखन वाचताना मनातले आणि कागदावरचे एकमेकांत मिसळते. यासाठी खर्डा आठ-दहा दिवस बाजूस ठेवून मग आराखडा करावा. शक्य असल्यास एखाद्या सहाध्यायाकडून त्याच प्रकरणाच्या ओळी स्वतंत्रपणे लिहून घ्याव्यात. जेथे दोघांच्या ओळी जुळत नाहीत, तो परिच्छेद पुन्हा लिहावा लागणार असे समजावे.

आपल्या प्रकरणाच्या ओळी अशा निघाल्या :

१. परिव्रज्येचा प्रश्न बाबासाहेबांनी ग्रंथाच्या आरंभीच उपस्थित केला आहे.
२. परंपरेनुसार सिद्धार्थाने चार दृश्ये पाहून गृहत्याग केला. निदानकथेत ही कथा येते.
३. अश्वघोषाने बुद्धचरितात हीच कथा काव्यरूपाने सांगितली आहे.
४. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर वृद्ध, रोगी व मृत पाहिले नव्हते हे बाबासाहेबांना पटत नाही.
५. दीघनिकायातील महापदानसुत्तात ही चार दृश्ये विपस्सी बुद्धाच्या चरित्रात येतात.
६. शाक्यांचा कारभार संघाच्या सभेत बहुमताने चाले.
७. ग्रंथानुसार सिद्धार्थाने कोलीयांविरुद्धच्या युद्धाला विरोध केला व त्यापायी परिव्रज्या पत्करली.
८. धर्मानंद कोसंबी यांनीही चार दृश्यांची कथा ऐतिहासिक मानली नाही आणि अत्तदण्डसुत्ताकडे लक्ष वेधले.
९. चार दृश्यांची कथा तर्काला धरून नाही.
१०. शाक्य आणि कोलीय हे एकमेकांचे आप्त होते.
११. मज्झिमनिकायातील अरियपरियेसनसुत्तानुसार आईवडील रडत असता त्यांच्या देखत गृहत्याग झाला.
१२. बाबासाहेबांच्या मते माणसामाणसांतील संघर्ष हे दुःखाचे मूळ आहे.
१३. बुद्धाचे विचार विवेकाला धरून असतात. म्हणून चार दृश्यांची कथा स्वीकारता येत नाही.
१४. रोहिणीच्या वादामुळेच परिव्रज्या घडली, हे वरील विवेचनावरून सिद्ध होते.

दुसरी पायरी : परिच्छेदाचे काम व बोलणारा

आता त्याच कागदावर उजवीकडे दोन लहान रकाने आखावेत. पहिल्यात, हा परिच्छेद प्रकरणासाठी कोणते काम करतो ते लिहावे : प्रश्न मांडतो, कथा सांगतो, पुरावा देतो, आक्षेप घेतो, आक्षेपाला उत्तर देतो, निष्कर्ष काढतो. काय म्हणतो आणि काय काम करतो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उदाहरणार्थ, दुसरा परिच्छेद चार दृश्यांची कथा म्हणतो. पण त्याचे काम नंतर ज्या कथेवर आक्षेप घ्यावयाचा आहे ती वाचकापुढे ठेवणे हे आहे. तिसरा परिच्छेद तीच कथा दुसऱ्या ग्रंथातून सांगतो आणि त्याचे कामही तेच आहे. दोन परिच्छेद मिळून एकच काम होत असल्याचे येथे चटकन ध्यानात येते.

दुसऱ्या रकान्यात, बोलणारा कोण आहे ते लिहावे. धर्मविषयक प्रबंधात हा रकाना फार महत्त्वाचा आहे. अशा लेखनात तीन आवाज असतात : परंपरेचा, ज्याचा आपण अभ्यास करीत आहोत त्या ग्रंथकाराचा आणि प्रबंध लिहिणाऱ्याचा. यांना अनुक्रमे ‘प’, ‘ग्रं’ आणि ‘मी’ अशी चिन्हे द्यावीत. निकाय असोत वा अट्ठकथा, जुन्या ग्रंथांनी सांगितलेले ते सर्व ‘प’ मध्ये घालावे. कोसंबींसारखे अन्य अभ्यासक आले तर त्यांना ‘अ’ म्हणावे.

आपल्या चौदा ओळींपुढे ही चिन्हे घातली तेव्हा असे दिसले की, ‘मी’ हे चिन्ह फक्त पहिल्या, नवव्या व चौदाव्या ओळीपुढे येते. त्यातही नवव्या परिच्छेदात विद्यार्थ्याने नवे काही म्हटलेले नाही. चौथ्या परिच्छेदातील बाबासाहेबांचाच आक्षेप त्याने आपल्या शब्दांत पुन्हा घेतला आहे. तेराव्यापुढे तर कोणते चिन्ह घालावे हेच ठरेना. बुद्धाचे विचार विवेकाला धरून असतात, ही कसोटी बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात सांगितली आहे. परंतु परिच्छेदात त्यांचे नाव नाही. विद्यार्थ्याने ती सर्वमान्य गोष्ट म्हणून लिहिली आहे. ग्रंथकाराचा आवाज आणि विद्यार्थ्याचा आवाज येथे एकमेकांत मिसळले. आपल्या श्रद्धेच्या विषयावर लिहिताना हे सहज घडते, कारण ते म्हणणे आपल्यालाही मान्यच असते. पण मौखिक परीक्षेत परीक्षक नेमके येथेच बोट ठेवतो आणि विचारतो, ‘हे कोण म्हणते? तुम्ही की ग्रंथ?’

तिसरी पायरी : ओळी वाचून पुनरुक्ती शोधणे

आता खर्डा मिटून ठेवावा आणि फक्त ओळींचा कागद वाचावा. प्रकरण तीस पानांचे असले तरी ओळी एका पानात मावतात, त्यामुळे दूरदूर असलेले परिच्छेद एकमेकांशेजारी येतात. पानोपानी वाचताना चौथ्या आणि तेराव्या परिच्छेदांत वीस पानांचे अंतर असते. तेवढ्यात पहिल्याचा विसर पडतो. ओळींमध्ये ते अंतर राहत नाही.

चौथी, नववी आणि तेरावी ओळ एकाच गोष्टीभोवती फिरते : चार दृश्यांची कथा तर्काला पटत नाही. तीन ठिकाणी तेच आले म्हणून तिन्हींवर सरसकट काट मारू नये. प्रत्येक ठिकाणी नवीन काय आहे ते पाहावे. चौथ्यात मूळ आक्षेप आहे, तो राहणार. नवव्यात नवे काहीच नाही. आठव्यातील कोसंबींच्या मतानंतर ओघाने आलेली ती टिप्पणी आहे. तिचे एखादे वाक्य आठव्यात घालून परिच्छेद काढून टाकता येतो. तेराव्यात मात्र विवेकाची कसोटी हा नवा मुद्दा आहे, पण त्याची जागा चुकली आहे. ती कसोटी हाच चौथ्यातील आक्षेपाचा आधार आहे. आधार आक्षेपाजवळ असावयास हवा. तो नऊ परिच्छेद पलीकडे जाऊन पडला. तेव्हा तेरावा उचलून, ‘बाबासाहेबांच्या मते’ असे स्पष्ट म्हणून, चौथ्याला जोडावयाचा.

एखादा मुद्दा पुन्हा येणे हा नेहमीच दोष नसतो. प्रकरणाच्या शेवटी प्रश्नाची आठवण करून देणे आवश्यकच असते. खूण अशी की, दुसऱ्यांदा येताना मुद्द्याचे काम बदलले असेल तर तो राहू द्यावा. कामाच्या रकान्यात तोच शब्द पुन्हा आला तर ती पुनरुक्ती समजावी.

चौथी पायरी : सांधे तपासणे

दोन परिच्छेदांमधील जोड म्हणजे सांधा. खर्ड्यात सांध्याच्या जागी ‘तसेच’, ‘याशिवाय’, ‘अशा प्रकारे’ असे शब्द असतात आणि ते वाचताना जोड पक्का वाटतो. आराखड्यात हे शब्द नसतात. म्हणून कच्चा सांधा तेथे उघडा पडतो. तपासण्याची रीत साधी आहे. लागोपाठच्या दोन ओळींमध्ये ‘म्हणून’, ‘पण’, ‘कारण’ किंवा ‘उदाहरणार्थ’ यांपैकी एक शब्द घालून वाचावे. शब्द अर्थासह बसला तर सांधा आहे. केवळ ‘आणि’ किंवा ‘आता दुसरे’ एवढेच बसत असेल तर सांधा कच्चा आहे.

तिसरी व चौथी ओळ पाहा. अश्वघोषाने हीच कथा सांगितली. पण ती बाबासाहेबांना पटत नाही. येथे ‘पण’ बरोबर बसतो. चौथी आणि पाचवी : कथा पटत नाही, आणि महापदानसुत्तात ती विपस्सी बुद्धाच्या चरित्रात येते. येथे ‘आणि’च बसतो. या दोहोंत संबंध नाही असे नव्हे. तो लिहिलेला नाही. विद्यार्थ्याला म्हणावयाचे होते ते असे : आक्षेप केवळ तर्काचा नाही, त्याला ग्रंथाचाही आधार आहे, कारण दीघनिकायात ही दृश्ये गौतम बुद्धांच्या नव्हे तर पूर्वीच्या एका बुद्धाच्या चरित्रात आलेली आहेत. हे एक वाक्य पाचव्याच्या आरंभी घातले की सांधा पक्का होतो.

पाचवी व सहावी यांच्यामध्ये मात्र कोणताच शब्द बसत नाही. विपस्सी बुद्धावरून एकदम शाक्यांच्या सभेवर उडी आहे. येथे वाक्य घालून भागणार नाही, क्रमच बदलला पाहिजे. चार दृश्यांविरुद्धचा पुरावा पाचव्या, आठव्या व अकराव्या परिच्छेदांत विखुरला आहे आणि रोहिणीची हकीकत सहाव्या, सातव्या व दहाव्यात. दोन धागे एकमेकांत गुंतले आहेत. मार्गदर्शकांना प्रकरण पुढे सरकत नाही असे वाटले ते यामुळे. आधी जुन्या उत्तराविरुद्धचा सर्व पुरावा एकत्र आणावा आणि मग नव्या उत्तराकडे वळावे. अकरावा परिच्छेद आठव्याला लागून आला म्हणजे त्याचे कामही उमगते : आईवडिलांच्या देखत गृहत्याग झाला असे सुत्त म्हणत असेल, तर मध्यरात्री गुपचूप निघून जाण्याच्या कथेला धक्का बसतो.

पाचवी पायरी : उणीव शोधणे

पुनरुक्ती व कच्चे सांधे जे लिहिले आहे त्यात दिसतात. उणीव ही जे लिहिलेच नाही तिची असते, म्हणून ती शोधणे सर्वांत कठीण. यासाठी शेवटच्या ओळीपासून मागे यावे. चौदावी ओळ म्हणते की, रोहिणीच्या वादामुळेच परिव्रज्या घडली हे सिद्ध होते. हे सिद्ध व्हावयास काय काय लागेल, ते खर्डा न पाहता एका बाजूला लिहावे आणि मग त्या प्रत्येक गोष्टीपुढे तिच्या परिच्छेदाचा क्रमांक घालावा. ज्या गोष्टीपुढे क्रमांक येत नाही ती उणीव.

आपल्या प्रकरणात तीन जागा रिकाम्या राहिल्या.

पहिली, रोहिणीच्या वादाचा मूळ आधार. सातवा परिच्छेद बाबासाहेबांच्या ग्रंथातील हकीकत सांगतो : सिद्धार्थ विसाव्या वर्षी शाक्य संघाचा सभासद झाला, आठव्या वर्षी कोलीयांशी पाण्यावरून तंटा झाला, सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला, सिद्धार्थाने विरोध केला आणि बहुमत विरुद्ध गेले. पण हा प्रसंग प्राचीन वाङ्मयात कोठे आहे? तो कुणालजातकाच्या अट्ठकथेत आणि धम्मपदाच्या अट्ठकथेत आहे. आणि तेथे तो बुद्धत्वप्राप्तीनंतरचा आहे. बुद्ध स्वतः दोन्ही सैन्यांमध्ये येऊन तंटा मिटवितात. म्हणजे बाबासाहेबांनी हा प्रसंग बुद्धत्वाच्या आधी आणून परिव्रज्येचे कारण म्हणून मांडला. ही प्रकरणातील सर्वांत मोलाची गोष्ट आणि नेमकी तीच त्यात नव्हती. अट्ठकथा वाचलेला परीक्षक ती विचारल्यावाचून राहणार नाही.

ही जागा भरू लागल्यावर विद्यार्थ्याच्या हाती आणखी एक दुवा येतो. ज्या अत्तदण्डसुत्ताकडे कोसंबींनी लक्ष वेधले ते सुत्तनिपातात आहे. थोड्या पाण्यातील माशांप्रमाणे माणसे तडफडताना आणि एकमेकांशी भांडताना पाहून आपल्याला भय वाटले, असा त्याचा आशय. आणि अट्ठकथेच्या परंपरेत हे सुत्त रोहिणीच्या तंट्याच्या प्रसंगीच सांगितल्याचे येते. म्हणजे संघर्षाचे भय हे कारण प्राचीन सुत्तात आहे आणि त्या सुत्ताला रोहिणीशी जोडण्याचे काम अट्ठकथेने केले आहे. बाबासाहेबांच्या मांडणीचे दोन्ही धागे परंपरेतच आहेत. काळाचा क्रम तेवढा त्यांचा आहे. हे अनुमान विद्यार्थ्याचे स्वतःचे, म्हणून त्याच्यापुढे ‘मी’ हे चिन्ह येते.

दुसरी रिकामी जागा विरोधी पुराव्याची. अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात, सुखात वाढलेल्या आपल्या तारुण्याचे वर्णन करून बुद्ध सांगतात की, जरा, व्याधी व मरण यांच्या चिंतनाने आपला तारुण्याचा, आरोग्याचा व जीविताचा मद गळाला. हे सुत्त प्रकरणात आलेच नाही. ते लपविण्याचे कारण नाही. त्यात चार दृश्ये नाहीत, रथ नाही, सारथी नाही. आहे ते चिंतन. एवढे मात्र मान्य केले पाहिजे की, जरा-मरणाचा विचार ही कथाकारांनी मागाहून घातलेली भर म्हणून सोडून देता येत नाही. त्यामुळे ‘रोहिणीच्या वादामुळेच’ यातील ‘च’ टिकत नाही.

तिसरी जागा अकराव्या व बाराव्या ओळींमध्ये आहे. गृहत्यागापासून एकदम ‘संघर्ष हे दुःखाचे मूळ’ येथे खर्डा पोहोचतो. मधला पूल ग्रंथातच आहे. राजगृहाला असताना शाक्य-कोलीयांचा तंटा मिटल्याची बातमी सिद्धार्थाला कळते. आता परत जावयास हरकत नाही, असे वाटण्याजोगी ही घटना. पण तो विचार करतो की, युद्ध हा संघर्षाच्या मोठ्या प्रश्नाचा केवळ एक भाग आहे. राजाराजांतील झगडे अधूनमधून होतात, वर्गावर्गांतील झगडा मात्र अखंड चालू असतो. तेव्हा तो परत फिरत नाही. हा परिच्छेद घातला की पाण्याच्या तंट्यापासून दुःखाच्या अर्थापर्यंतची वाट वाचकाला दिसते.

नवा क्रम

आता याच कागदाच्या मागे नवा आराखडा लिहावा. दुसरा-तिसरा, चौथा-तेरावा, आठवा-नववा आणि सहावा-दहावा या जोड्या एक केल्या म्हणजे चौदाचे दहा परिच्छेद होतात. तीन नवे घातले की तेरा. क्रम असा : प्रश्न, पारंपरिक कथा, बाबासाहेबांचा आक्षेप व त्यामागील विवेकाची कसोटी, महापदानसुत्त, अंगुत्तरातील विरोधी पुरावा, कोसंबी व अत्तदण्डसुत्त, अरियपरियेसनसुत्त, शाक्यांचे गणराज्य व कोलीयांशी नाते, ग्रंथातील रोहिणीची हकीकत, अट्ठकथेत त्या प्रसंगाची जागा, राजगृहातील विचार, दुःखाचा अर्थ, निष्कर्ष. लागोपाठच्या ओळींत पुन्हा ‘म्हणून’, ‘पण’, ‘कारण’ घालून पाहावे.

निष्कर्षही आता बदलतो. पूर्वी तो म्हणत होता की रोहिणीच्या वादामुळेच परिव्रज्या घडली हे सिद्ध झाले. आता तो असा होतो : चार दृश्यांची कथा गौतम बुद्धांना लागू करण्यास निकायांचा आधार दुर्बळ आहे, संघर्षाचे भय हे कारण प्राचीन सुत्तात आहे, बाबासाहेबांनी अट्ठकथेतील प्रसंगाचा काळ बदलून त्या कारणाला सामाजिक घटनेचे रूप दिले आणि त्यायोगे दुःखाचा अर्थ व्यक्तीच्या जरा-मरणावरून समाजातील संघर्षाकडे वळविला. हा निष्कर्ष पहिल्याहून सावध आहे. परंतु परीक्षकाच्या प्रश्नापुढे तो टिकेल, आणि बाबासाहेबांनी नेमके काय केले हे तो पहिल्यापेक्षा स्पष्ट सांगतो.

पद्धतीच्या मर्यादा

उलटा आराखडा रचनेचे दोष दाखवितो. सुत्ताचा अर्थ बरोबर लावला आहे की नाही, पृष्ठक्रमांक बिनचूक आहेत की नाहीत, हे तो सांगत नाही. अट्ठकथेतील रोहिणीचा प्रसंग कोठे आहे हे आराखड्याने सांगितले नाही. तेथे जागा रिकामी आहे एवढेच दाखविले. ती भरण्याकरिता ग्रंथालयातच जावे लागले. तसेच, खर्डा अर्धवट असताना हा आराखडा करू नये. तेव्हा सगळ्याच जागा रिकाम्या दिसतात आणि मन खचते. प्रकरण एकदा शेवटापर्यंत लिहून झाल्यावरच तो करावा.

चौदा-पंधरा परिच्छेदांच्या प्रकरणाला दोन संध्याकाळ पुरतात : पहिल्या दिवशी ओळी व रकाने, दुसऱ्या दिवशी पुनरुक्ती, सांधे व उणिवा. एका बैठकीत सर्व करू गेल्यास शेवटच्या ओळी घाईने लिहिल्या जातात, आणि उणिवा शोधावयाच्या त्या शेवटच्या ओळीपासूनच. तेव्हा पहिल्या दिवशी कागद पुरा करून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी खर्डा न उघडता तोच कागद घेऊन बसावे.